डोळा आधी, हात नंतर

ओट्यापाशी उभं राहून चहा करतानाचं दृश्य, तेही करणाऱ्याच्याच डोळ्यांतून. वाक्यावरून चलचित्र बनवणाऱ्या एआय साधनाला काय हवं ते लिहून सांगायचं, म्हणजेच प्रॉम्प्ट द्यायचा. ‘चहा करणाऱ्या बाईचा पीओव्ही, कॅमेरा हलता’ एवढं लिहिलं की बहुतेक वेळा पडद्यावर चहा करणारी बाईच दिसते, समोरून! यात साधनाचा फारसा दोष नाही. समाजमाध्यमांवर ‘पीओव्ही’ असं लिहून लोक सर्रास स्वतःचाच चेहरा दाखवतात, त्यामुळे त्या शब्दाचा अर्थ पार सैल झाला आहे. म्हणून शब्दापेक्षा जागा सांगावी: कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या जागी आहे, तिचा चेहरा आणि खांदे दिसत नाहीत, फक्त कोपरापुढचे हात दिसतात.

हे हात येतात कुठून? आपण खाली ओट्याकडे बघतो तेव्हा आपले हात नजरेच्या खालच्या कडेने आत येतात, डावा डाव्या कोपऱ्यातून आणि उजवा उजव्या. हे लिहिलं नाही तर हात वरून उतरतात आणि समोर उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाचे वाटतात; कधी तिसराही हात उगवतो. दोन्ही हातांना काम द्यावं, पण प्रत्येकाला एकच. डाव्या हातात सांडशी, तिने पातेल्याची कड धरलेली. उजव्या हाताच्या चिमटीत ठेचलेलं आलं. रिकामा हात भरकटतो, वस्तू धरलेला हात त्या मानाने जागेवर राहतो.

आणखी एक युक्ती: हिरव्या काचेच्या बांगड्या फक्त डाव्या मनगटात घालाव्यात. त्या मधेच उजव्या हातात गेल्या की हातांची अदलाबदल झाल्याचं लगेच कळतं. हात चौकटीबाहेर जाऊन परत आला की हा घोटाळा हमखास होतो, म्हणून फळीवरचा डबा काढायला हात पाठवूच नये. आलं आधीच ठेचून ओट्यावरच्या वाटीत ठेवावं.

मान हलवण्याचं प्रकरण याहून नाजूक आहे. ‘कॅमेरा हलता’ म्हटलं की सगळं चित्र थरथरतं, जणू खांद्यावर कॅमेरा घेऊन कुणी पळतंय. माणसाला जग असं दिसतच नाही. हे वर्तमानपत्र हातात धरून भराभर डावी-उजवीकडे हलवा, अक्षरं पुसट होतील. आता ते स्थिर धरून तितक्याच वेगाने मान हलवा, वाचता येईल. डोकं जिकडे वळतं त्याच्या उलट दिशेला डोळे आपोआप फिरतात आणि दृश्य जागेवर धरून ठेवतात. तेव्हा थरथर मागू नये, वळण मागावं: मान थोडी वळली, थांबली, स्थिरावली.

वळणाला कारणही लागतं. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाचे मायकेल लँड आणि सहकाऱ्यांनी चहा करणाऱ्या माणसांची नजर टिपली होती. तो अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. वस्तूला हात घालण्याच्या सुमारे अर्धा सेकंद आधी नजर तिथे पोहोचलेली असते, असं त्यात दिसलं. प्रॉम्प्टमधला क्रमही तसाच हवा: आधी वाटीकडे बघणं, मग हात. दोन्ही एकदम लिहिलं तर कॅमेरा हाताला बांधल्यासारखा फरफटत जातो. आठ सेकंदांच्या तुकड्यात अशी दोन वळणं पुरेत.

सगळं मिळून मजकूर असा होतो:

```
कॅमेरा चहा करणाऱ्या बाईच्या डोळ्यांच्या जागी, नजर खाली ओट्याकडे.
चौकटीच्या खालच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यातून तिचे दोनच हात दिसतात.
डाव्या मनगटात हिरव्या बांगड्या; या हातातल्या सांडशीने पातेल्याची कड धरलेली.
मान उजवीकडे वाटीकडे वळते, थांबते. मग उजवा हात आल्याची चिमूट उचलतो.
मान परत पातेल्याकडे. मग हात आलं टाकतो.
ती किंचित पुढे वाकते, वाफ जवळ येते.
दृश्य स्थिर, एकच सलग शॉट.
```

पुष्कळ जण हेच इंग्रजीत टाइप करतात. क्रम तोच ठेवावा. एवढं करूनही पहिल्याच फेरीत जमेल असं नाही.

आलेला तुकडा थांबवत, चौकट चौकट पुढे नेत बघावा. तळवे खाली असताना दोन्ही अंगठे आतल्या बाजूला, एकमेकांकडे हवेत. बाहेर असतील तर हात उलटे लागलेत. शेवटच्या वाकण्यात पातेल्याची कड झपाट्याने मोठी व्हायला हवी आणि मागच्या फरशा जेमतेम. दोन्ही सारख्याच वाढल्या तर ती वाकलीच नाही, चित्र नुसतं झूम झालं. अशा वेळी सगळा मजकूर नव्याने लिहायची गरज नसते. बाकी शब्द तसेच ठेवून तेवढं एकच वाक्य बदलावं: ‘तिचं डोकं वीतभर पुढे येतं, पातेलं जवळ येतं, भिंत होती तिथेच राहते.’