एकाच प्रकरणातले तीन लेखक

पीएचडीचा प्रबंध कोऱ्या कागदावर क्वचितच सुरू होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि परिषदांत दोन निबंध वाचणे बंधनकारक होते. २०२२च्या नियमांत ही अट निघाली, सवय मात्र गेली नाही. त्यामुळे प्रबंधाचे एखादे प्रकरण जुने निबंध एकापुढे एक ठेवूनच तयार होते.

समजा, विषय आहे अल्पभूधारक शेतकरी आणि ठिबक सिंचन. पहिला निबंध अर्थशास्त्राच्या नियतकालिकासाठी लिहिलेला, तक्त्यांनी भरलेला. दुसरा दोन वर्षांनंतरचा, सहसंशोधकाबरोबर केलेल्या नव्या पाहणीवरचा. तिसरा एका संपादित ग्रंथासाठी, थोडा आवेशाने लिहिलेला. तिन्ही आपापल्या जागी उत्तम. एकत्र आणले की ‘अल्पभूधारक म्हणजे कोण’ हे वाचकाला तीनदा सांगितले जाते.

पुनरुक्तीचा कंटाळा येतो, एवढीच तक्रार असती तर दोन व्याख्या खोडून काम भागले असते. पण त्या तिन्ही शब्दशः जुळवून पाहिल्या की खरी अडचण दिसते. कृषी गणनेत एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेला अत्यल्पभूधारक आणि एक ते दोन हेक्टरवाला अल्पभूधारक. ठिबकच्या केंद्रीय अनुदानात मात्र या दोघांना सारखाच, ५५ टक्क्यांचा दर मिळतो, इतरांना ४५. पहिला निबंध अनुदानावर होता, म्हणून त्यात दोन हेक्टरपर्यंतचे सगळेच ‘अल्पभूधारक’ झाले. दुसऱ्याने कृषी गणनेची विभागणी घेतली. दोन एकरांचा, म्हणजे सुमारे ०.८ हेक्टरचा शेतकरी पहिल्या तक्त्यात आहे, दुसऱ्यात नाही.

आता अगदी लहान शेतकऱ्यांत ठिबकचा वापर कमी असेल, तर ते वगळताच दुसऱ्या तक्त्यातली टक्केवारी आपोआप चढते. प्रकरणात हे तक्ते पाठोपाठ आले की ‘दोन वर्षांत अल्पभूधारकांत ठिबक वाढले’ असा निष्कर्ष सहज लिहिला जातो. शेतात काहीच बदललेले नसते, बदललेली असते व्याख्या. म्हणून व्याख्या खोडण्याआधी तिच्यावर कोणते तक्ते उभे आहेत ते पाहावे लागते. एक व्याख्या ठरवून दुसऱ्या तक्त्याची आकडेमोड मूळ माहितीवरून पुन्हा करावी. तेवढी माहिती हाताशी नसेल, तर दोन्ही गटांना वेगळी नावे द्यावीत आणि तुलना सोडून द्यावी.

निवेदकाच्या आवाजाचेही असेच. पहिल्या भागात ‘प्रस्तुत संशोधकास आढळले’, दुसऱ्यात ‘आम्ही भेटी घेतल्या’, तिसऱ्यात ‘मला वाटते’. येथे मोह होतो तो संगणकावर एका झटक्यात ‘आम्ही’ काढून ‘मी’ घालण्याचा. ते करू नये. भेटी दोघांनी घेतल्या असतील, तर या बदलाने सहसंशोधकाचे काम परस्पर आपल्या नावावर होते. कोणता भाग कोणत्या निबंधातून आला आणि त्यात कोणाचा किती वाटा होता, हे प्रकरणाच्या आरंभीच सांगावे. स्वतःचेच जुने लेखन संदर्भ न देता पुन्हा वापरणे आयोगाने २०२०च्या सूचनेत अमान्य ठरवले आहे, तेही यातून सांभाळले जाते.

आवेशाचा प्रश्न नाजूक आहे. तक्त्यांचे शांत विवेचन संपते आणि पुढच्याच परिच्छेदात ‘शासनाने आता तरी जागे व्हावे’ येते; परीक्षक तिथेच पेन्सिल टेकवतो. असे वाक्य नुसते मवाळ केल्याने भागत नाही. त्यामागची मागणी, उदाहरणार्थ अनुदान वेळेवर मिळावे ही, प्रकरणातल्या पुराव्यावर उभी असेल तर ती शेवटच्या शिफारशींत न्यावी. पुरावा नसेल तर काढावी. शेतकऱ्याच्या तोंडचा राग मात्र त्याच्या शब्दांत तसाच ठेवावा. तो निवेदकाचा सूर नव्हे.

तपासणीसाठी छापील प्रत बरी. समासात प्रत्येक निबंधाला एक रंग द्यावा आणि रंग बदलतो तिथले आधीचे-नंतरचे परिच्छेद मोठ्याने वाचावेत. ‘प्रस्तुत निबंधात’, ‘अलीकडेच’, ‘पुढील अभ्यासात पाहू’ असे जुने अवशेष बहुधा तिथेच सापडतात. तो पुढील अभ्यास कधीकधी पुढच्याच पानावर असतो! संगणकावर शोधताना पूर्ण शब्द घालू नये. ‘शेततळे’ शोधल्यास ‘शेततळ्यात’ निसटते. ‘शेतत’ एवढेच पुरते.

वाङ्मयचौर्य तपासणारी प्रणाली या कामी फारशी उपयोगाची नाही. तिला सारखा मजकूर दिसतो, सारख्या शब्दाचे दोन अर्थ दिसत नाहीत. म्हणून मार्गदर्शकांकडे प्रकरण देताना प्रत्येक संज्ञा, तिची व्याख्या आणि तिच्यावर आधारलेले तक्ते यांची एक पानी यादी सोबत जोडावी.