आठ वाक्यांतली किती कामाची? घाण्याच्या तेलाच्या मजकुरावर चालवलेली कात्री

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "सर, उत्पादनाची माहिती लिहायला बसलो की पानभर लिहून होतं, पण गिऱ्हाईक तरीही फोन करून तेच प्रश्न विचारतं. असं का?" आज याचं उत्तर एका खऱ्याखुऱ्या परिच्छेदावरून बघू.

आपल्या बॅचमधल्या एक ताई लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल विकतात. त्यांनी वेबसाइटवर टाकण्यासाठी हा मजकूर लिहून आणला होता:

"आजच्या धावपळीच्या व स्पर्धेच्या युगात आरोग्याकडे लक्ष देणे ही अत्यंत गरजेची बाब बनली आहे, हे आपण सर्वजण जाणतोच. आपले पूर्वज लाकडी घाण्याचेच तेल वापरत असत. लाकडी घाणा म्हणजे लाकडापासून बनवलेला घाणा, ज्यामध्ये तेलबिया टाकून तेल काढण्याची प्रक्रिया केली जाते. आमच्याकडे उत्तम दर्जाच्या, निवडक व स्वच्छ शेंगदाण्यांपासून शुद्ध, अस्सल व नैसर्गिक तेल तयार करण्यात येते. एक लिटर तेलासाठी साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात. घाणा सावकाश फिरत असल्यामुळे तेल जास्त तापत नाही, म्हणजेच तेलाचे तापमान कमी राहते. त्यानंतर ते तेल तीन दिवस स्थिर ठेवण्यात येते, जेणेकरून त्यातील गाळ खाली बसतो. त्यामुळे आपल्या कुटुंबाच्या आरोग्यासाठी आजच लाकडी घाण्याच्या तेलाचा वापर सुरू करा."

वाचायला वाईट नाही, शाळेत याला चांगले मार्क मिळाले असते. पण ताईंना रोज येणारे फोन तीनच प्रकारचे होते. तेल एवढं महाग का? बाटलीच्या तळाशी हे काय साचलंय? तळताना फेस का येतो? आता पुन्हा मजकूर वाचा. पहिल्या दोन उत्तरांचा कच्चा माल त्यात आहे, पण तो पाचव्या आणि सातव्या वाक्यात दडलाय. गिऱ्हाईक तिथपर्यंत पोचतच नाही. तिसरं उत्तर तर मुळातच नाही.

मी ताईंना म्हटलं, एकेका वाक्यावर बोट ठेवून ते झाका आणि आधीचं-नंतरचं सलग वाचा. गिऱ्हाइकाचं काही हरवलं का? पहिलं वाक्य झाकलं, काही हरवलं नाही. शिवाय "धावपळीच्या युगात" हे वाक्य गूळवाला, योगा क्लासवाला, विमा एजंट, कुणीही जसंच्या तसं उचलू शकतो. जे वाक्य शेजारच्या दुकानदारालाही चालतं, ते तुमच्या मालाबद्दल काहीच सांगत नाही. पूर्वजांचं वाक्यही गेलं. तिसऱ्या वाक्यावर ताई अडल्या. "सर, लोकांना घाणा म्हणजे काय ते समजायला नको का?" समजायला हवं ना. पण "लाकडी घाणा म्हणजे लाकडाचा घाणा" यातून कुणाला काय समजलं? घाणा कसा चालतो ते सहाव्या वाक्यात आहेच. मग तिसरं गेलं. शेवटचं "आजच वापर सुरू करा" हेही गेलं, कारण त्याच पानावर खाली ऑर्डरचं बटण आहे.

खरी मजा चौथ्या वाक्यात. उत्तम, निवडक, स्वच्छ, शुद्ध, अस्सल, नैसर्गिक अशी सहा विशेषणं एका ओळीत! अशी विशेषणं दिसली की लगेच खोडू नका, आधी एक प्रश्न विचारा: यामागं काही काम दडलंय का? मी विचारलं, "निवडक म्हणजे तुम्ही नक्की काय करता?" ताई म्हणाल्या, "घरातल्या दोन बायका बसून काळे, सुरकुतलेले, बुरशी लागलेले दाणे हातानं वेगळे काढतात." अहो, मग हे लिहा की! बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, आणि घाण्याचं तेल रिफाइंड होत नसल्यामुळे दाणे निवडणं हे फार महत्त्वाचं काम आहे. ते काम "निवडक" या एका शब्दात गाडलं गेलं होतं. बाकीची पाच विशेषणं मात्र रिकामी निघाली.

मग राहिली शब्दांची चरबी. मराठीत ती ठरावीक जागी साचते. "प्रक्रिया केली जाते", "तयार करण्यात येते", "ठेवण्यात येते" ही सरकारी पत्रातली भाषा आहे. "आम्ही काढतो", "ठेवतो" म्हटलं की शब्द कमी होतात आणि काम कोण करतं तेही कळतं. दुसरी जागा "म्हणजेच". या शब्दापुढे बहुतेक वेळा आधीचंच वाक्य परत आलेलं असतं. तेल तापत नाही म्हणजेच तापमान कमी राहतं, हो, दुसरं काय होणार! "च्या माध्यमातून" आणि "या ठिकाणी" हेही त्याच घरातले पाहुणे.

एवढं झाल्यावर ताईंनी घरी जाऊन पुन्हा कात्री चालवली आणि तिथं चूक झाली. गाळाचं वाक्यही काढून टाकलं. "ते काय, सगळ्यांना माहीतच असतं," असं त्यांना वाटलं. त्यांना रोज दिसतं ना, म्हणून! पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकानं भेसळ समजून तीन बाटल्या परत पाठवल्या. पैसे परत, कुरियरचा खर्च अंगावर, आणि त्या बाईंनी त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर काय लिहिलं असेल ते वेगळंच.

म्हणून खोडण्याआधी फोनमधले मागच्या महिनाभराचे मेसेज काढा आणि गिऱ्हाइकांचे प्रश्न एका कागदावर उतरवा. ज्या वाक्यामुळे त्यातला एखादा प्रश्न सुटतो, ते वाक्य कितीही साधं वाटलं तरी राहील. आणि ज्या प्रश्नाला उत्तरच नाही, तिथं नवीन वाक्य येईल. म्हणजे कात्री चालवताना मजकूर कधी कधी वाढतोसुद्धा, त्याला घाबरू नका. (बाटलीच्या लेबलवरचा मजकूर हा वेगळा विषय आहे. परवाना क्रमांक, वजन, किंमत, तारीख हे कायद्यानं लागतं, त्याला हात लावायचा नाही.)

शेवटी जो मजकूर वेबसाइटवर गेला तो असा:

"एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात, म्हणून हे तेल रिफाइंड तेलापेक्षा महाग पडतं. काळे, सुरकुतलेले आणि बुरशी लागलेले दाणे आम्ही आधी हातानं वेगळे काढतो. लाकडी घाणा सावकाश फिरतो, त्यामुळे तेल फारसं तापत नाही आणि शेंगदाण्याचा वास टिकतो. काढलेलं तेल तीन दिवस स्थिर ठेवून वरचं तेल बाटलीत भरतो. तरीही तळाशी थोडा गाळ दिसू शकतो, तो शेंगदाण्याचाच असतो. तेल रिफाइंड केलेलं नसल्यामुळे तळताना फेस येतो, म्हणून कढई थोडी रिकामी ठेवा."

आठाची सहा वाक्यं झाली, फार कमी नाही. पण किमतीचं कारण सगळ्यात वर आलं, कारण सगळ्यात जास्त फोन त्याचेच होते. क्रमही आपल्या सोयीचा नाही, गिऱ्हाइकाच्या सोयीचा आहे.

ताईंचा परवा मेसेज आला. फेसाबद्दलचे फोन जवळपास थांबलेत. आता नवीनच प्रश्न सुरू झालाय: "पेंड विकता का?" मी म्हटलं, दोन-चार जणांनी अजून विचारू दे, मग सातवं वाक्य लिहू.