आधी गुच्छ, मग परिचय, मग शाल

कार्यक्रमपत्रिकेत 'मान्यवरांचे स्वागत' अशी एकच ओळ असते आणि बहुतेक ठिकाणी त्या एका ओळीत सगळे उरकून टाकले जाते. पाहुणे खुर्चीत टेकतात न टेकतात तोच गुच्छ, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह एकामागून एक त्यांच्या हातात येऊन पडते. त्यांचे काम काय, हे सभागृहाला कळण्याआधीच त्यांचा सन्मान होऊन गेलेला असतो. हे मला मनापासून खटकते. गुच्छ पाहुणे आले म्हणून द्यायचा, शाल त्यांच्या कर्तृत्वासाठी. म्हणून गुच्छ आणि दोन शब्द सुरुवातीला, शाल परिचयानंतर.

समजा, तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचा पारितोषिक वितरण समारंभ आहे. मंचावर वाचनालयाचे अध्यक्ष, प्रमुख पाहुण्या म्हणून आलेल्या एक लेखिका आणि विशेष अतिथी म्हणून नगराध्यक्ष. आधी स्वागत कोणाचे? समारंभाचे अध्यक्षस्थान बाहेरच्या व्यक्तीकडे असते, तर पहिला मान अध्यक्षांचा आणि मग प्रमुख पाहुण्यांचा. इथे अध्यक्ष घरचेच आहेत, म्हणजे यजमान आहेत. त्यांनी स्वागत करायचे, स्वतःचे करून घ्यायचे नाही. त्यामुळे आधी लेखिका, मग नगराध्यक्ष, आणि हाच क्रम निमंत्रणपत्रिकेवरही हवा. शासकीय कार्यक्रमात एवढी मोकळीक नसते, तिथे पदांचा क्रम राजशिष्टाचाराने ठरलेला असतो. द्यायचे काय, यालाही तिथे मर्यादा येते. पंतप्रधानांच्या दौऱ्यात पुष्पगुच्छ देऊ नयेत, फार तर खादीच्या रुमालासह एक फूल किंवा पुस्तक द्यावे, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते.

आता आपल्या वाचनालयाकडे येऊ. दीपप्रज्वलन होऊन पाहुणे बसले की पहिल्यांदा अध्यक्षांनी माइकवर यावे आणि मिनिटभरात स्वागत करावे. एवढे शब्द पुरतात: "नमस्कार. आपल्या वाचनालयाच्या वतीने मी ताईंचे मनापासून स्वागत करतो. त्यांची पुस्तके आपल्या कपाटात फार दिवस राहत नाहीत, सतत कोणाच्या तरी घरी असतात. आज त्या स्वतः मुलांना बक्षिसे द्यायला आल्या आहेत, याचा आम्हां सर्वांना आनंद आहे." इथे पुरस्कारांची यादी नको, ती परिचय करून देणाऱ्याचे काम आहे. बोलून झाले की अध्यक्षांनीच जाऊन गुच्छ द्यावा.

शालीच्या वेळी खरी कसरत असते. परिचय संपताच सूत्रसंचालकाने सत्कार करणाऱ्याचे नाव आधी घ्यावे: "मी वाचनालयाच्या उपाध्यक्षांना विनंती करतो, त्यांनी शाल आणि श्रीफळ देऊन प्रमुख पाहुण्यांचा सत्कार करावा." पाहुण्या स्त्री असतील तर शाल पांघरवायला कार्यकारिणीतलीच स्त्री असावी, म्हणून इथे उपाध्यक्षा. त्यांचे नाव आधी घेतले की वाक्य संपेपर्यंत त्या पहिल्या रांगेतून उठून मंचावर पोहोचतात. उलट केले तर पाहुण्या उभ्या राहतात आणि सगळे सभागृह उपाध्यक्षांना शोधत बसते.

तबकातली शाल आधीच प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेली, किमतीची चिठ्ठी काढून टाकलेली आणि लांबीत एकदा दुमडलेली हवी. पूर्ण घडी घातलेली शाल मंचावर उलगडायला गेले की टोके सापडत नाहीत आणि निम्मी शाल टेबलावरच्या तांब्या-भांड्यात जाते. खुर्च्यांच्या मागे एक माणूस सहज चालेल एवढी जागा ठेवावी, म्हणजे उपाध्यक्षा मागून येऊन पाहुण्यांच्या शेजारी उभ्या राहतील आणि कोणाचीच पाठ सभागृहाकडे होणार नाही. शालीची दोन टोके धरून ती दोन्ही खांद्यांवर सारखी बसवावी, मग श्रीफळ दोन्ही हातांनी द्यावे. छायाचित्रासाठी दोघींनी क्षणभर समोर पाहावे, तेवढे पुरे.

वेळ अगदीच थोडा असेल आणि सगळे एकदम द्यावे लागत असेल, तर परिचयाची दोन वाक्ये तरी आधी बोलावीत. मग शाल, मग श्रीफळ आणि सर्वांत शेवटी गुच्छ. पाहुण्यांच्या हातात आधी गुच्छ दिला तर त्यांना एका हाताने गुच्छ आणि दुसऱ्याने घसरणारी शाल सावरावी लागते. वर ओल्या देठांचे पाणी शालीवर ठिबकते, ते वेगळेच.

गुच्छ टेबलावर पाहुण्यांसमोर ठेवू नये, मागच्या रांगांना चेहरा दिसत नाही. एका कार्यकर्त्याकडे एवढेच काम द्यावे: गुच्छ लगेच हातातून घेऊन बाजूच्या टेबलावर ठेवायचा, पाहुण्यांनी शाल उतरवली की घडी करून श्रीफळासह पिशवीत भरायची आणि आभार सुरू होताच सगळे त्यांच्या गाडीत नेऊन ठेवायचे.