हिरव्या ठिपक्याच्या पलीकडचे चीज

पनीरसाठी दूध लिंबाने फाडले जाते, त्यामुळे शाकाहारी ग्राहकाचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. चीजसाठी मात्र दूध रेनेटने गोठवावे लागते, आणि परंपरेने हे रेनेट कत्तल केलेल्या दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून मिळवतात. आपल्या अन्न-मानकांनी चीजच्या व्याख्येतच प्राणिजन्य नसलेल्या रेनेटचा उल्लेख केला आहे. देशी कारखाने मुख्यतः सूक्ष्मजीवांपासून तयार केलेले रेनेट वापरतात. त्याचा दोष एकच: दीर्घकाळ मुरवलेल्या चीजला कधीकधी कडवटपणा येतो.

अडचण आयात चीजची. इटलीच्या ‘पार्मिजानो रेज्जानो’च्या संरक्षित नियमांत दूध, मीठ आणि वासराचेच रेनेट यांना स्थान आहे, हे पूर्ण नाव छापलेले असेल तर निर्णयासाठी पुढे वाचण्याची गरज नाही. नुसते ‘पार्मेसान’ हे नाव मात्र युरोपबाहेर सैलपणे वापरले जाते, म्हणून तेथे घटकांची यादी पाहावी. ‘मायक्रोबियल रेनेट’ असेल तर शंका उरत नाही. केवळ ‘एन्झाइम’ किंवा ‘रेनेट’ एवढेच असेल तर स्रोत कळत नाही. पोर्तुगालच्या ‘सेरा दा एश्त्रेला’त काटेरी कार्डून फुलांच्या अर्काने मेंढीचे दूध गोठवतात, ते निःसंशय वनस्पतिजन्य, पण असे अपवाद थोडे.

उपाहारगृहात पास्त्यावर किसून टाकलेल्या चीजचे पाकीट तर ग्राहकापर्यंत येतच नाही. तेथे वाढप्याला चीजचे पूर्ण नाव विचारावे.