ठेचा नेमका झोंबतो कुठे?

ठेचा खाल्ल्यावर जीभ भाजल्यासारखी वाटते, पण फोड मात्र येत नाही. खरं तर भाजलेलं काहीच नसतं. मज्जातंतूच्या पेशीपटलात टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. ते म्हणजे एक दार, एरवी सुमारे ४३ अंश सेल्सियसला उघडणारं. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याला चिकटलं की ते गार जिभेवरही उघडतं आणि ‘भाजलं!’ असा निरोप मेंदूकडे जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये या दाराचं जनुक शोधलं. दाराची रचना मात्र तुकड्यातुकड्यांनी कळत गेली, आणि त्यासाठी तीन वेगवेगळ्या पद्धती कामी आल्या.

सर्वांत जुनी आणि रुळलेली पद्धत म्हणजे क्ष-किरण स्फटिकशास्त्र. एकट्या रेणूवरून विखुरलेले क्ष-किरण इतके क्षीण असतात की टिपता येत नाहीत. म्हणून असंख्य रेणू एकाच ठेवणीत रांगेने बसवावे लागतात, म्हणजेच प्रथिनाचा स्फटिक करावा लागतो. शुद्ध प्रथिनाचा थेंब काचेला उलटा टांगून खाली क्षारांचं दाट द्रावण ठेवतात. थेंबातलं पाणी हळूहळू उडतं आणि नशीब असेल तर काही दिवसांनी स्फटिक दिसतो. त्यातून क्ष-किरण सोडले की ठिपक्यांची नक्षी मिळते आणि तिच्यावरून गणिताने अणूंच्या जागा काढता येतात.

टीआरपीव्ही-१ या शिस्तीत बसेना. त्याचा मधला पट्टा चरबीच्या पटलात रुतलेला असतो. तिथून बाहेर काढताना त्याला साबणासारख्या रेणूंनी वेढावं लागतं. असे निसरडे रेणू एकमेकांना धरून रांग लावत नाहीत, शिवाय याची टोकंही वळवळती. त्यामुळे २००७ मध्ये हार्वर्डच्या रेचेल गॉडे यांच्या गटाने पेशीच्या आत लोंबणारा तेवढाच भाग वेगळा तयार केला आणि त्याचा स्फटिक मिळवला. तो भाग स्वच्छ दिसला, त्यात अडकलेला एटीपीचा रेणूही दिसला. पण तो दाराचा उंबरठा होता, दार नव्हे.

दार पाहण्यासाठी क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागला. यात स्फटिक लागत नाही. बारीक भोकांच्या जाळीवर प्रथिनाच्या द्रावणाचा पातळ थर देतात आणि ती अतिथंड द्रवरूप इथेनमध्ये झटकन बुडवतात. पाणी इतक्या वेगाने गोठतं की बर्फाचे कण न होता काचेसारखा थर होतो आणि रेणू जसे होते तसे थिजतात. इलेक्ट्रॉनच्या जास्त माऱ्याने रेणू उद्ध्वस्त होतात, म्हणून मारा बेताचाच ठेवतात. परिणामी एकेक चित्र वाळूत हरवल्यासारखं धूसर येतं. मग अशी हजारो चित्रं संगणक दिशेनुसार लावतो आणि त्यांची सरासरी काढून त्रिमितीय आकार उभा करतो.

इथे एक सापळा आहे. आइनस्टाइनचा फोटो नमुना म्हणून देऊन निव्वळ खरखरीची चित्रं त्याच्याशी जुळवत गेलं, तर सरासरीतून आइनस्टाइनच उमटतो! म्हणून चित्रांचे दोन गट करून दोन्हींवर स्वतंत्रपणे काम करतात. दोन्हींत जेवढे तपशील सारखे येतात, तेवढेच खरे धरतात.

इलेक्ट्रॉन थेट मोजणारे नवे डिटेक्टर आल्यावर यिफान चेंग आणि ज्युलियस यांच्या गटांनी डिसेंबर २०१३ मध्ये टीआरपीव्ही-१ची रचना प्रसिद्ध केली. ती ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट होती. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. चार सारखे घटक आणि मधोमध वाट. पण वाटेभोवतीचा गाभा सुस्पष्ट आणि कडा धूसर, कारण हलणारा भाग सरासरीत पुसट होतो.

हे दार उघडंच धरून ठेवणारं एक विष टॅरँट्युला कोळ्यात सापडतं. ७५ अमिनो आम्लांचं हे विष म्हणजे दोन छोट्या गाठी. इलेक्ट्रॉनच्या चित्रात त्यांची जागा कळली, बारकावे कळले नाहीत. तिथे एनएमआर उपयोगी पडलं. यात प्रथिन पाण्यातच राहतं. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनची केंद्रकं रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, आणि कोणत्या दोन केंद्रकांमध्ये पाच-सहा अँगस्ट्रॉमपेक्षा कमी अंतर आहे हे त्यावरून समजतं. अशी शेकडो अंतरं जमली की घडी उलगडते. मोठा रेणू मात्र पाण्यात सावकाश गिरक्या घेतो, त्याचे संकेत पसरट होऊन एकमेकांत मिसळतात. अख्खं दार या पद्धतीला जड गेलं असतं. चिमुकल्या गाठी सहज पेलल्या. २०१६ मध्ये त्यांची एनएमआर रचना आणि सुधारलेली इलेक्ट्रॉन चित्रं जोडल्यावर कळलं, की विष दाराच्या बाहेरच्या कडेला बसतं आणि शेजारच्या चरबीतही थोडं रुततं.

आणि मिरची? २०१३ च्या चित्रांत कॅप्सेसिन एक लहानसा ठिपका म्हणून दिसलं. त्याचं डोकं वर की शेपूट, हे ठिपक्यावरून सांगता येईना. २०१५ मध्ये संशोधकांनी दारातली अमिनो आम्लं बदलून, दर वेळी वाहणारा विद्युतप्रवाह मोजून आणि संगणकावर जुळणी करून उत्तर काढलं: शेपूट वर, डोकं खाली. ठेचा झोंबतो ती जागा चित्रात सापडली, पण मिरची तिथे कशी बसते हे झोंबण्याचंच मोजमाप करून ठरवावं लागलं.