पुस्तक कोणत्या वर्षाचं?

पहिल्या नोकरीत पगारातून कर कापला जाऊ लागला की बरेच जण प्राप्तिकराचं मार्गदर्शक पुस्तक शोधतात. घरातलं गेल्या वर्षीचं मिळालं, तर तेच वापरतात. या पुस्तकांवर 'करनिर्धारण वर्ष' छापलेलं असतं. कमाई झाली त्याच्या पुढचं ते वर्ष. म्हणजे २०२५-२६च्या पगाराचं विवरणपत्र भरायला २०२६-२७चंच पुस्तक हवं.

समजा, पुण्यातल्या एका मुलीचा वार्षिक पगार ९ लाख आहे. त्यात मूळ वेतन साडेचार लाख, घरभाडे भत्ता १ लाख ८० हजार, आणि ती महिना १२ हजार भाडं भरते. जुन्या करप्रणालीत भत्त्यावरची सूट तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेइतकी मिळते: प्रत्यक्ष भत्ता, मूळ वेतनाचे ४० टक्के किंवा भाड्यातून मूळ वेतनाचा दहावा हिस्सा वजा करून उरणारी रक्कम. तिच्या बाबतीत ही शेवटची, ९९ हजार. शिवाय प्रमाणित वजावट ५० हजार, व्यवसाय कर अडीच हजार आणि कलम ८०सीखाली दीड लाख. त्यातले ५४ हजार भविष्य निर्वाह निधीत जातातच, उरलेले ९६ हजार तिला गुंतवावे लागतील. एवढं करून करपात्र उत्पन्न ५,९८,५०० आणि उपकरासह कर ३३,४८८ रुपये.

नव्या प्रणालीत फक्त ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून करपात्र उत्पन्न ८,२५,०००. गेल्या वर्षीच्या पुस्तकातल्या दरांनी त्यावर ३३,८०० रुपये कर येतो. म्हणजे जुनी प्रणाली ३१२ रुपयांनी स्वस्त, आणि तेवढ्यासाठी ती एखादी विमा पॉलिसी घेऊन बसेल. यंदाच्या दरांनी कर २२,५०० येतो, पण १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला मिळणाऱ्या रिबेटमुळे तो शून्य होतो. कर शून्य असला, तरी विवरणपत्र मात्र भरावंच लागतं.

पुस्तक चाळताना रिबेटचं प्रकरण शेवटपर्यंत वाचा. शेअर वर्षभराच्या आत विकून झालेल्या नफ्यावर २० टक्के कर लागतो आणि नव्या प्रणालीत त्या कराला हा रिबेट मिळत नाही. असा नफा असेल, तर पगारदारांचा सर्वांत सोपा आयटीआर-१ फॉर्मही चालत नाही. पुस्तकात याचा उल्लेख नसेल, तर दुसरं घ्या.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू आहे. त्यात 'करनिर्धारण वर्षा'ऐवजी 'कर वर्ष' आहे आणि ८०सीच्या जागी कलम १२३. त्यामुळे २०२६ मध्ये विवरणपत्र १९६१च्या कायद्याने भरायचं, आणि कार्यालयात चालू वर्षाच्या गुंतवणुकीचा तपशील द्यायचा तो नव्या कायद्याने. दोन्ही कामं एकाच पुस्तकावरून करायची असतील, तर जुनी-नवी कलमं शेजारी-शेजारी दाखवणारा तक्ता त्यात आहे ना, ते दुकानातच पाहून घ्या.