नवी वस्तू नको म्हणणाऱ्या आईसाठी कल्हई

‘माझ्यासाठी पैसे घालवू नका’ हे वाक्य सणावाराला अनेक घरांत ऐकू येते. मुले ते संकोच समजून दुर्लक्षितात आणि नवी साडी कपाटात घडी न मोडता पडून राहते. या नकारात बहुधा दोन हरकती असतात. एक खर्चाची, दुसरी, आणखी एक वस्तू सांभाळण्याची. या दोन्हींना पुरून उरणारी भेट म्हणजे तिच्याच एखाद्या वस्तूची दुरुस्ती. माळ्यावर पडलेले लग्नातले पितळी पातेले हे त्याचे उत्तम उदाहरण. त्यावर ठिपक्यांनी कोरलेले नाव आणि तारीख असते, म्हणून ते मोडीतही जात नाही. आणि कल्हई उडालेली असते, म्हणून चुलीवरही येत नाही.

कल्हई उडाली हे ओळखणे सोपे आहे. पातेल्याचा आतला रुपेरी रंग जाऊन तळाशी पिवळी धातू दिसू लागते. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. चिंच, आमसूल किंवा ताक यांच्या आंबटपणाने ते धातू अन्नात उतरतात आणि पदार्थ कळकतो. आमसुलाशिवाय पान न हलणाऱ्या गोव्यात असे भांडे बाजूला पडते, यात नवल नाही.

कल्हईवाला प्रथम भांडे आतून घासून तेलकटपणा आणि काळेपणा काढतो. मग ते निखाऱ्यावर तापवून त्यात नवसागराची चिमूट टाकतो. पांढरा धूर निघतो आणि धातूवरची गंजाची झिलई सुटते. लगेच कथिलाची कांडी टेकवली की ती वितळते. कापसाच्या बोळ्याने ते कथील भराभर सर्वत्र फिरवले जाते. शेवटी भांडे पाण्यात बुडवतात. कुठे तेलकटपणा राहिला असेल तर तेथे कथील धरत नाही आणि डाग राहतो. म्हणून भांडे उजेडात धरून तळ आणि काठाखालचा भाग पाहूनच ताब्यात घ्यावे. नवसागराचा धूर घशाला झोंबतो. काम मोकळ्या जागेतच व्हावे.

खरी काळजी कथिलाच्या शुद्धतेची. शिसे स्वस्त असते, पण ते विषारी आहे. काम सुरू होण्यापूर्वी कांडी पाहायला मागावी. शुद्ध कथिलाची कांडी वाकवताना बारीक करकर ऐकू येते; शिशाची निमूट वाकते आणि कागदावर करडी रेघ उमटवते. ही चाचणी ढोबळ आहे, थोडी भेसळ तिच्यात सापडणार नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे स्वयंपाकाच्या भांड्यांचेच काम करणारा कारागीर शोधणे अधिक भरवशाचे.

भांडे निवडताना आईचे मनगट आठवावे. पंगतीचा टोप कल्हईने लखलखला तरी साठीनंतर तो उचलवत नाही. चौघांची आमटी मावेल असे पातेले पुरे. घरात इंडक्शनची शेगडी असेल तर बेत सोडावा, कारण नुसते पितळ तिच्यावर तापत नाही. भांडे गुपचूप नेणेही बरे नव्हे. वस्तू तिची आहे. ‘हे आमटीला वापरण्याजोगे करून आणतो’ एवढे सांगावे. किंमत विचारली तर खरी सांगावी. लपवलेला खर्च उघड झाला की पुढचा प्रत्येक शब्द ती पारखून घेते.

भांडे परत आल्यावर एकदा त्यात पाणी उकळून टाकून द्यावे. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून रिकामे पातेले आचेवर ठेवू नये, पाणी वा तेल घालूनच शेगडी पेटवावी. खरखरीत तारेच्या घासणीऐवजी मऊ चोथा आणि राख किंवा साबण वापरावा. आंबट पदार्थ शिजवावा, पण रात्रभर त्यात ठेवू नये. रोजच्या वापरात हा पातळ थर काही महिन्यांत विरू लागतो आणि पुन्हा कल्हई लागते.

एक चूक मात्र टाळावी. बाहेरून आरशासारखी झिलई आणि वर लाखेचा पारदर्शक लेप देऊन भांडे दिवाणखान्यात मांडले, तर ती पुसत बसण्याची आणखी एक वस्तू होते. भेट पोचली की नाही, हे काही आठवड्यांनी कळते. पातेले धुऊन पुन्हा माळ्यावर गेले असेल, तर दुसऱ्या भांड्याच्या मागे लागू नये. शेगडीवर असेल, तर अधूनमधून त्याचा तळ पाहावा आणि पिवळेपणा दिसताच आपणच ते कल्हईला न्यावे.